माथेरान: तेहेतीस वर्षांनी बाबांना घेऊन जातेय, काय बघू आणि काय बघायचं टाळू?

चिंचबोरं

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीचे. 1986 ते 1992 दर मे महिन्यात चार रात्री माथेरान, ठरलेलंच. सकाळची कर्जत लोकल, नेरळला उतरून मिनी ट्रेन, वर बाजाराच्या मागे एक लॉज, तिथे दोन्ही वेळचं जेवण पैशात धरलेलं, संध्याकाळी चिक्की, परत येताना सगळ्यांचे मोजे लाल. 92 नंतर माझी दहावी, मग आईचं आजारपण, आणि मग जाणं झालंच नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. आता बाबा 74चे आहेत, उजवा गुडघा खराब, पण महिनाभर एकच घोशा, मला एकदा माथेरान दाखवा. सोबत नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा, ज्याला डोंगर म्हटलं की "तिथे रेंज असते का" हा पहिला प्रश्न पडतो.

अल्बममधे एक फोटो आहे, मागे आईच्या अक्षरात "सनसेट पॉइंट, मे 88". आम्ही चौघं कठड्याला टेकून उभे, मागे दरी आणि पलीकडे लांबच लांब डोंगर. बाबांना तिथे जायचंय, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल म्हणाले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जायचा विचार आहे. बाबांना वर नेऊ कसं, सनसेट पॉइंटपर्यंत त्यांना झेपेल का, मुलासाठी काही नवीन करण्यासारखं आहे का. आणि खरं सांगायचं तर मला थोडी भीतीच वाटतेय. जे डोक्यात आहे ते तिथे नसलं तर बाबांचं काय होईल. माझं पण.

बिनधास्त_बंड्या

जा की बिनधास्त. मिनी ट्रेन मात्र विसरा, 2005च्या पुरात वाहून गेली ती तेव्हापासून बंदच आहे. नेरळहून टॅक्सी करा थेट लॉजच्या दारात. आणि वर हातरिक्षा असतातच, बाबांना त्यात बसवा, तीन माणसं ओढतात, सनसेट पॉइंटला नेऊन आणतात. आम्ही आजीला तसंच फिरवलं होतं.

लालमाती

बंड्याशेठ, टॅक्सी लॉजच्या दारात गेली तर ते माथेरान कसलं :) गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच, तिथून पुढे बाजार अडीच-तीन किलोमीटर. हे इंग्रजांच्या वेळेपासून आहे आणि 2003 मधे सरकारने इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केल्यावर कायद्याने पक्कं झालं.

ट्रेनचं पण अर्धंच बरोबर आहे. 2005च्या जुलैत लाइन वाहून गेली हे खरं, पण 2007 ला, म्हणजे बरोब्बर गाडीच्या शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाली. मग 2019च्या पावसात परत मोडली आणि त्यानंतर नेरळपासूनची गाडी तीन वर्षं बंद होती. 2022च्या ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झालीय. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान अशी शटल तेवढी धावायची, ती आजही आहे. अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून पाच-दहा मिनिटांवर.

चिंचबोरं ताई, तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, नेरळहून मिनी ट्रेन. एकवीसेक किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. बसायला जागा अरुंद, गुडघा दुमडून अडीच तास बाबांना जमेल का हे तुम्ही ठरवा, मला तरी नको वाटतं. फेऱ्या मोजक्या आणि सकाळीच, सुट्टीच्या दिवशी तिकिटाला मारामारी. दोन, नेरळहून टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून शटल, पंधरा-वीस मिनिटात बाजारात. बाबांची ट्रेनची हौस पण भागते आणि गुडघा पण वाचतो. माझं मत दुसऱ्याला. शटल चुकली तर नगरपरिषदेच्या ई-रिक्षा आहेत, पण त्या थोड्याच, रांग लागते, आणि त्या दस्तुरी ते बाजार एवढ्यासाठी. पॉइंटवर नेत नाहीत.

आता महत्त्वाचं. दस्तुरीला गाडीतून पाय खाली ठेवला की चार जण येतील, शटल बंद आहे, रिक्षा बंद आहे, चालत दोन तास लागतात, घोडा करा. कोणाशी हुज्जत घालू नका, सरळ अमन लॉजच्या खिडकीवर जाऊन स्वतः विचारा. हे इतकं वाढलं होतं की 2025च्या मार्चमधे खुद्द गावकऱ्यांनीच पर्यटकांची फसवणूक थांबवा म्हणून बंद पाळला होता.

हातरिक्षेचं, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मधे सांगितलं की माणसाने माणूस ओढणं सहा महिन्यात थांबवा. तुम्ही जाल तेव्हा ती मुदत संपत आलेली असेल. त्यावर प्लॅन ठेवूच नका.

बिनधास्त_बंड्या

ओके ओके, आमची माहिती जुनी होती. पण घोडा तर आहे ना? बाबा घोड्यावर.

लालमाती

घोडा आहे. पण 74 वय, उजवा गुडघा खराब. घोड्यावर चढायचं डाव्या बाजूने, म्हणजे डावा पाय रिकिबीत आणि उजवा पाय वरून पलीकडे टाकायचा. चढताना घोडेवाला हात देतो, ओटा शोधून चढवतो, ते निभतं. उतरताना उलटं, सगळा भार एका पायावर येतो आणि दुसरा पाय घोड्याच्या पाठीवरून ओढून आणायचा, तेव्हा दुखरा गुडघा पिळवटतो. आणि ज्याला सवय नाही त्याच्या मांड्या अर्ध्या तासात भरून येतात. मी नाही सुचवणार.

निवांत_नाना

माथेरानला जाताय तर पेबचा किल्ला सोडू नका. अमन लॉजच्या अलीकडे रुळांवरून चालत जायचं, कड्यावरचा गणपती लागतो, तिथून खाली उतरून शिडीने पेब. अर्ध्या दिवसात होतो. पहाटे सहाला निघा. बूट चांगले हवेत.

चिंचबोरं

नाना, बाबा 74चे आहेत आणि गुडघा... :)

निवांत_नाना

वय आड येत नाही हो. मी 68 ला केला.

सुलभा_ताई

बाई गं, तुझी पोस्ट वाचून डोळ्यात पाणीच आलं. आमचं आजोळ देवगडकडे, मामाने घर विकलं, ज्यांनी घेतलं त्यांनी पाडून होमस्टे केला. मी हौसेने दोन वर्षांपूर्वी तिथेच खोली घेऊन राहिले. विहीर होती तिथे झोपाळा केलाय, आणि विहिरीवर जाळी टाकून कुंड्या. रात्रभर झोप नाही आली. सकाळी पोरगा विचारतो, आजी घावनं मस्त होती ना. त्याचं काय चुकलं, पण मला त्या क्षणी भयंकर राग आला. म्हणून सांगते, जुन्या लॉजमधेच राहायचा हट्ट करू नकोस. बाहेरून बघून ये, झोप दुसरीकडे.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीहून. आम्ही गेल्या उन्हाळ्यात मुलीला नेलं होतं. मी तिला दिवसभर "इथे आम्ही हे करायचो, तिथे ते करायचो" असं सांगत सुटले, ती दुपारी म्हणाली मम्मा, यू आर नॉट हिअर. घरी आल्यावर तिला आठवतं ते एकच, माकडाने आजोबांच्या हातातली मक्याची कणसं पळवली. माझा फुकटचा सल्ला, दिवसाला तीनच गोष्टी सांगायची मुभा स्वतःला द्या, बाकी गिळा.

लालमाती

ताई, एक विचारू का. त्या फोटोत तुम्ही सगळे कसे दिसताय? म्हणजे चेहरे काळपट आहेत की लख्ख?

चिंचबोरं

लख्ख. उलट सगळ्यांनी डोळे बारीक केलेत. भाऊ तर हाताने उन्ह अडवतोय. का हो?

लालमाती

मग तो सनसेट पॉइंट असेलही कदाचित, पण सूर्यास्ताचा फोटो नक्की नाही. सनसेट पॉइंट, म्हणजे जुना पॉर्क्युपाइन, पश्चिमेला तोंड करून आहे. कठड्याला टेकून दरीकडे पाठ केली की तुमची तोंडं पूर्वेला होतात. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असणार, म्हणजे चेहरे काळे यायला हवेत, तेव्हाच्या साध्या कॅमेऱ्यात तर ठार काळे. ज्याअर्थी डोळ्यात उन्ह जातंय त्याअर्थी ही सकाळ आहे. आणि सकाळी सकाळी चार जणांचं कुटुंब सनसेट पॉइंटला कशाला जाईल?

पश्चिमेच्या अंगाला बरेच पॉइंट आहेत, लुइझा, त्याच्या शेजारी एको, शार्लोट तलाव. सकाळी फिरायला लोक तिकडे जातात, बाजारापासून दीडेक किलोमीटरच आहे. समोरचा लांब डोंगर म्हणजे प्रबळगड, तो दोन्हीकडून दिसतो. प्रबळच्या उत्तर टोकाला एक सुळका आहे, कलावंतीण, दोघांच्या मधे इंग्रजी व्हीसारखी खाच. तुम्ही पश्चिमेला बघताय म्हणजे ती खाच उजव्या हाताला दिसणार. फोटोत ती आहे का बघा. असेल तर तेवढीच खूण धरून चला. कठडे, बाकं, पाट्या, झाडं काहीच धरू नका, ते सगळं बदललेलं असणार. डोंगराची कड मात्र तीच असते. पॉइंटवर उभं राहून सुळका आणि प्रबळ यांच्यातलं अंतर फोटोशी जुळतंय का तेवढं बघायचं, जरा डावीकडे उजवीकडे सरकायचं.

चिंचबोरं

खाच आहे!! भावाच्या डोक्याच्या बरोबर वर. पस्तीस वर्षं मला तो फोटोवरचा ओरखडा वाटायचा.

बाबांना विचारलं सकाळ होती का, तर म्हणे छे, सनसेटलाच होतो, तुझ्या आईने लिहिलंय ना. आता त्यांच्याशी कोण वाद घालणार.

दस्तुरीवाला

मी वरचाच. म्हणजे जन्म माथेरानचा, शाळा तिथलीच, आता नेरळला राहतो पण धंदा वर आहे. सगळं वाचतोय, दोन शब्द मी पण बोलतो, रागावू नका.

येणारे सगळे एकच म्हणतात, पूर्वीचं माथेरान राहिलं नाही, लाल मातीचा रस्ता गेला, ब्लॉक टाकले, रिक्षा आणल्या. बरोबर आहे तुमचं. पण माझ्या आईला छातीत दुखलं तेव्हा रात्री अकराला तिला खाली न्यायला आम्ही अॅम्ब्युलन्सची वाट बघत होतो, गावात ती एकच गाडी चालते. गॅसचं सिलेंडर, तांदळाचं पोतं, सिमेंट सगळं माणसाच्या डोक्यावर नाहीतर घोड्याच्या पाठीवर येतं, त्यामुळे वस्तू महाग पडते. पोरं शाळेत दस्तुरीहून चालत जायची. ई-रिक्षा आली तेव्हा सगळ्यात आधी खूश झाले ते विद्यार्थी आणि म्हातारी माणसं. तुमच्या आठवणीतला लाल रस्ता आमच्यासाठी पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात खोकला होता.

लालमाती

दस्तुरीवाले, मान्य. रिक्षेला माझा विरोध कधीच नव्हता, ब्लॉकला आहे. माथेरानची माती जांभा दगडाची. पाणी पिते. ब्लॉक टाकले की पाणी वरून वाहतं, कडेला चर पाडतं आणि मग पुढच्या वर्षी कडेचं झाड मुळासकट लोंबकळतं. घोडे पण ओल्या ब्लॉकवर घसरतात, तुमचेच घोडेवाले सांगतात.

दस्तुरीवाला

घोडेवाले सांगणारच, रिक्षा आली की त्यांचं गिऱ्हाईक जातं. आणि मातीचा रस्ता पण दर पावसाळ्यात वाहून जायचाच की, तेव्हा चर पडत नव्हते? दगड लावून बांध घालायला आम्हीच जायचो. कोर्टाने दस्तुरी ते शिवाजी पुतळा एवढ्यालाच परवानगी दिलीय, आतल्या वाटांवर नाही. पॉइंटच्या वाटा अजून लालच आहेत, जाऊन बघा.

लालमाती

आतल्या वाटांवर नाही हे राहिलं तर माझं भांडण संपलं. राहील का ते पाच वर्षांनी बोलू.

चिंचबोरं

तुमचं चालू द्या, मी शिकतेय :) दस्तुरीवाले दादा, बाजारामागे एक जुनं लॉज होतं, दारात मोठं जांभळाचं झाड, लाकडी व्हरांडा, जेवणाच्या वेळी घंटा वाजवायचे. आहे का अजून?

दस्तुरीवाला

ताई, जांभळाचं झाड दारात नाही असं लॉज माथेरानात शोधावं लागेल. पण घंटेवरून कळलं. ते बंद आहे आठ-दहा वर्षं, घरच्यांचा वाद. फाटकाला कुलूप, आत राखणदार असतो. बाहेरून दिसतं.

राहायचं म्हणाल तर बाजारात राहू नका. बाबांना जिथे जायचं त्या बाजूला रहा. सामान हमालाकडे द्या, तुमचं तुम्ही उचलायचं म्हणाल तर पहिला दिवस त्यातच जाईल, दर मात्र आधी ठरवा. पश्चिमेकडे खोली घेतली तर लुइझा हाकेच्या अंतरावर येतो आणि रस्ता बऱ्यापैकी सपाट. शनिवार-रविवार नको. मंगळवार-बुधवारी या, अर्धं माथेरान झोपलेलं असतं.

लालमाती

हेच म्हणणार होतो. आणि एक माझ्याकडून, पॉइंट उलट्या वेळेला बघा. सनसेटला संध्याकाळी घोडे, मॅगी, सेल्फी, सगळं तिथेच. पश्चिमेचे पॉइंट सकाळी आठ-साडेआठला बघायचे. मागून उन्ह येतं आणि समोरचा प्रबळ पूर्ण उजळतो, घळ न घळ मोजता येते. संध्याकाळी तोच डोंगर नुसती काळी भिंत असतो. आणि सकाळी माणूस नसतं. तुम्ही लहानपणी जे सगळे पॉइंट बघितलेत ते टुरिस्टच्या वेळेला बघितलेत, म्हणून हे तुम्हालाही नवीन होईल.

मुलासाठी, अमन लॉज ते बाजार त्याला आणि त्याच्या बाबाला रुळांच्या कडेने चालत पाठवा. पाऊण तास, सावली, चढ जवळपास नाही. गाडी आली की बाजूला उभं राहायचं. त्याला सांगा प्रत्येक डब्याला ब्रेकवाला माणूस वेगळा असतो, इंजिनच्या शिट्टीवर तो हाताने ब्रेक आवळतो. दोन फुटाचं रूळ आणि वीस फुटाला एक फूट असा चढ आहे, नुसत्या इंजिनच्या ब्रेकवर उतारात भरवसा नाही. ते एकदा बघितलं की रेंज विसरेल.

परदेशी_पाखरू

आणि मक्याची कणसं हातात ठेवू नका.

चिंचबोरं

(बारा दिवसांनी)

आलो मंडळी परत. मंगळवार ते गुरुवार. लिहायचं ठरवून बसलेय तर सुरुवात कुठून करू कळत नाहीये.

दस्तुरीला लालमाती म्हणाले तसंच झालं, "शटल दोन तास नाही". खिडकीवर गेले तर चाळीस मिनिटांनी होती. बाबा खिडकीपाशी बसले होते, गाडी हलली आणि ते एकदम म्हणाले वाफेचा वास नाही. अहो बाबा, वाफेची इंजिनं तर आपण जायच्या आधीच बंद झालेली! तरी ते ऐकेनात. मग कळलं की ते त्यांच्या लहानपणाबद्दल बोलत होते, 1960च्या आसपास आजोबा त्यांना घेऊन आले होते. मला हे माहितीच नव्हतं. मी आपली माझ्या माथेरानला घेऊन निघाले होते आणि त्यांचं आधीचं एक वेगळंच होतं.

मुलगा आणि नवरा चालत आले. मुलाने ब्रेकवाल्याला गाठून पाच मिनिटं डोकं खाल्लं म्हणे. हातभर लोखंडी चाक, ते फिरवायचं, किती फिरवायचं ते शिट्टीवरून. रात्री जेवताना तोंडाने शिट्टी वाजवून कोपराने ब्रेक मारत होता, वरण सांडलं.

लॉज बघितलं. बाजारातून मी डोळे मिटून जाईन असं वाटायचं, दोनदा चुकले. मला आठवत होतं की बाजारातून लॉजला यायला खूप वेळ लागतो, वाटेत मी दमून रडायचे. प्रत्यक्षात सहा मिनिटं. फाटकाला कुलूप होतं, राखणदार आत कपडे वाळत घालत होता. मला वाटलं बाबा आता कोसळतील. बाबांनी गजातून बघितलं, म्हणाले पत्रा बदललाय, आणि पुढे चालायला लागले. कोसळले ते मी. व्हरांड्याच्या कोपऱ्यात घंटेचा हूक अजून आहे, घंटा नाही. मुलगा विचारत होता काय झालं, त्याला हुकाचं सांगितलं. दिवसाच्या तीनपैकी एक तिथेच खर्ची पडली, पाखरू ताई.

बुधवारी सकाळी लुइझा. दस्तुरीवाल्यांच्या सल्ल्याने खोली त्याच बाजूला घेतली होती. बाबांना काठी, दर शंभर पावलांवर बसायला जागा बघायची, असं करत तासाभराने पोचलो, नाहीतर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. वाट लालच होती दादा, खरंच. बाबांचे पांढरे कॅनव्हास तिथेच लाल झाले. शीळ घालणारा एक पक्षी सारखा वाजवत होता, माणसाने उगाच रमतगमत शिट्टी वाजवावी तसा, बाबा म्हणाले कस्तूर. पॉइंटवर आमच्याशिवाय एक कुत्रा. समोर प्रबळ इतका स्वच्छ की मुलाला पायथ्याच्या घरांचे पत्रे दिसत होते.

फोटो काढला, खाच उजवीकडे आहे पण जुळेना. फोटोत सुळका प्रबळला जास्त चिकटलेला. मुलगा फोटो हातात धरून, एक डोळा मिटून, इकडे जा तिकडे जा करत आम्हाला नाचवत होता. कठडा नवा, त्याचा उपयोग नाही. शेवटी तो म्हणाला इथून नाही, अजून तिकडून, आणि उत्तरेकडे हात केला. म्हणजे लुइझा नव्हताच बहुतेक. बाबांना मी विचारलं काय करायचं, सनसेटला जायचं का उद्या, तर कठड्यावर बसून म्हणाले असू दे, तुझ्या आईने सनसेट लिहिलं असेल तर सनसेटच असेल, सकाळी गेलो असू. तिला गर्दी आवडायची नाही. मग थांबून म्हणाले, हो, शेवटच्या दिवशी गाडीच्या आधी गेलो होतो, ती मला ओढत घेऊन गेली होती, सूर्य उतरताना सगळेच बघतात म्हणाली.

म्हणजे लालमाती तुमची सकाळ बरोबर, पॉइंट आईचा बरोबर.

गुरुवारी सकाळी सनसेटला नवरा आणि मुलगा गेले, बाबांना झेपलं नसतं. आम्ही दोघं खोलीच्या व्हरांड्यात चहा पीत बसलो. साडेनवाला मुलाचा फोटो आला, व्हॉट्सअॅपवर, रेंज होती तिथे. अल्बममधला फोटो हातात धरलेला, मागे खरा डोंगर, सुळक्यावर सुळका बरोब्बर बसलेला. बाबांनी फोन डोळ्यांना अगदी जवळ नेला आणि विचारलं, तो उभा कुठे आहे, कठड्याच्या आत ना?

लालमाती

पॉइंट चुकला माझा, कबूल. सुळका चिकटलेला म्हणजे उत्तरेकडून बघताय हे मला आधीच सुचायला हवं होतं. मुलाला शाबासकी द्या, माझ्यातर्फे चिक्की.

सुलभा_ताई

घंटेचा हूक. काय बाई.

दस्तुरीवाला

ताई, राखणदाराला विचारलं असतं तर आत सोडलं असतं. ओळखीचा आहे. पुढच्या वेळी कळवा.

बिनधास्त_बंड्या

एकूण खर्च किती आला चौघांचा? मंगळवार-बुधवारी खोलीचे दर कमी असतात का? आणि चिक्की कुठली घेतली?

चिंचबोरं

बंड्या, दर शनिवारच्या निम्म्याच्या आसपास सांगितले, जेवणासकट. चिक्की बाबांनी चव घेऊन घेऊन चार दुकानांतून घेतली आणि डोंबिवलीला येऊन म्हणाले पूर्वी गुळ जास्त असायचा.

दस्तुरीवाले दादा, मे मधे जांभळं पिकतात ना, तेव्हा कळवते. बाबा आत्ताच विचारतायत.

निवांत_नाना

सगळं वाचलं. पण पेबला गेलात की नाही?

चिंचबोरं

नाही हो नाना.